पाहुण्यांच्या गाड्या कुठे उभ्या राहतील? इंदूरमधल्या एका भाड्याच्या घराचं प्रकरण

हे प्रकरण इंदूरच्या पश्चिम भागातल्या एका जुन्या कॉलनीतलं आहे. सुदामा नगर, लोकमान्य नगरच्या त्या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत आणि वरचा मजला भाड्याने देण्याची पद्धतही जुनी आहे. मी तिथल्या रहवासी संघाचं काम बघतो, ओळखीतल्यांचे भाडेकरारही लिहून देतो. या प्रकरणातला करार मात्र मी लिहिलेला नव्हता. घरातल्या दोन्ही कुटुंबांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील गाळून लिहितो आहे.

## पार्श्वभूमी

प्लॉट तीस बाय पन्नासचा. खाली घरमालक काका-काकू राहतात, दोघंही निवृत्त. वर एक तरुण जोडपं आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी. भाडेकरू मूळचे देवासचे, तेही मराठीच. घरात शिरताना पोर्च लागतो. त्यात काकांची वॅगनआर आणि तिच्या बाजूला दोन दुचाक्या दाटीवाटीने बसतात.

करार अकरा महिन्यांचा होता. तो असतोच, कारण एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो आणि लोकांना ती खटपट नको असते. त्यात वाहनांबद्दल एकच ओळ होती: ‘भाडेकरूस पोर्चमध्ये दोन दुचाकी वाहने उभी करण्याची मुभा राहील.’ पाहुण्यांच्या गाड्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. मी वाचलेल्या बहुतेक करारांत ते नसतंच. रंगकाम कुणी करायचं, खिळे ठोकायचे की नाही, यावर अर्धं पान जातं आणि रोज ज्यावरून कुरबुर होऊ शकते ती गोष्ट राहून जाते.

घर दाखवताना ब्रोकरने भाडेकरूंना सांगितलं होतं, ‘बाहर तो जगह ही जगह है.’ काका तेव्हा शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

घरासमोरचा रस्ता वीस फुटांचा आहे. आरसे धरून एका गाडीला साधारण सहा फूट लागतात, भिंतीपासून फूटभर अंतर सुटतं. म्हणजे समोरासमोर दोन गाड्या लागल्या की मधे जेमतेम सहा फूट उरतात. कचरागाडी पाच फुटांच्या आसपास रुंद असते. कागदावर ती निघते, पण दोन्हीकडे अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या भरवशावर कुठलाही ड्रायव्हर गाडी आत घालत नाही.

## अडचण कशी उभी राहिली

श्रावणातल्या एका रविवारी वरच्या मजल्यावर सत्यनारायण होता. सकाळी नऊच्या सुमारास देवास आणि उज्जैनहून तीन गाड्या आल्या आणि जागा दिसेल तिथे लागल्या. एक काकांच्या गेटसमोर, एक रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, एक शेजारच्या घराच्या गेटला अर्धी अडवून. थोड्या वेळाने कचरागाडी आली, कोपऱ्यावर थांबली आणि हॉर्न देऊन तशीच पुढे गेली. या शहरात ओला-सुका कचरा वेगळा करून दारात गाडीची वाट बघायची सवय अंगात मुरलेली आहे. गाडी चुकली की गल्लीभर चर्चा होते. चार घरच्या बायका डबे घेऊन कोपऱ्यापर्यंत धावल्या.

तेवढ्यावर ते मिटलं असतं. पण संध्याकाळी पाऊस लागला आणि देवासचे पाहुणे रात्री राहिले. त्यांची गाडी शेजाऱ्यांच्या गेटपुढेच होती. शेजारच्या मुलाची पीथमपूरला सकाळची पाळी असते, तो पावणेसहाला गाडी काढतो. सोमवारी पहाटे आधी हॉर्न वाजला, मग काकांची बेल.

‘अंकल, ये एमपी इकतालीस वाली गाड़ी किसकी है?’

देवासचा नंबर म्हणजे वरचेच पाहुणे, हे काकांना कळलं. ते जिना चढून गेले, दार वाजवलं. पाहुणे उठून, किल्ली शोधून खाली येईपर्यंत वीस मिनिटं गेली. मुलाने तोंडातून वाईट शब्द काढला नाही, पण त्याच्या वडिलांनी दुपारी काकांना गाठलंच. त्यांचं म्हणणं एवढंच, की भाडेकरू तुमचे, तर पाहुणेही तुमचेच.

गणपती पुढच्याच पंधरवड्यात होते. वर दहा दिवसांचा गणपती बसणार, गौरीचं जेवण आणि हळदीकुंकू होणार, रोज आरतीला माणसं येणार, हे काकूंना वरच्या वहिनींनी स्वतःच उत्साहाने सांगितलेलं. म्हणजे बोलायचं तर त्याआधीच.

## समोर असलेले पर्याय

काकांचा पहिला विचार गेटवर पाटी लावण्याचा होता: ‘नो पार्किंग’. दुसरा, भिंतीलगत आणखी चार कुंड्या ठेवण्याचा. दोन्हींबद्दल त्यांनी मला विचारलं आणि मी दोन्हींना नको म्हटलं. कंपाउंडच्या बाहेरचा रस्ता महापालिकेचा आहे. तिथे गाडी लावू देणं किंवा न देणं काकांच्या हातात नाही. पाटीला कायद्याचं बळ नसतं, आणि रस्त्यावर कुंड्या मांडणं हे उलट आपलंच अतिक्रमण ठरतं.

इथे एक गोष्ट मात्र पक्की आहे. २०१७च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग विनियमांप्रमाणे कुणाच्याही आवाराच्या प्रवेशद्वारासमोर गाडी उभी करायची नाही. म्हणजे शेजाऱ्यांचं गेट अडवणं चूकच होतं, त्यात मतभेदाला जागा नाही. पण हा नियम गाडी लावणाऱ्याला लागू होतो. काकांच्या भाडेकरूला काका त्या नियमाच्या आधारे दटावू शकत नव्हते, आणि तसं करायची त्यांची इच्छाही नव्हती.

तिसरा पर्याय करार काढून दाखवण्याचा. करारात पाहुण्यांचा उल्लेखच नाही, तर दाखवणार काय? मुदत चालू असताना एकट्या मालकाने नवी अट घालता येत नाही. दोघांच्या सह्यांचं पुरवणी पत्र करता येतं, पण त्यासाठी आधी बोलणं व्हायला हवंच.

चौथा पर्याय शेजाऱ्यांनी सुचवलेला: पुढच्या वेळी सरळ तक्रार करतो, टोइंगवाले नेतील गाडी. त्यांना तो अधिकार होता. पण सणाच्या दिवशी पाहुण्याची गाडी उचलून नेली, तर वरच्यांशी, खालच्यांशी आणि शेजाऱ्यांशी सगळ्यांचेच संबंध वर्षभर आंबट राहणार.

राहिलं ते विचारणं. कोणी, कुठे आणि कसं, यावर घरात दोन दिवस खल झाला. काकूंचं मत, त्यांनीच वहिनींशी बोलावं. काकांना ते पटलं नाही आणि मला काकांचं बरोबर वाटलं. बायकांमध्ये निघालेला विषय नवऱ्यापर्यंत पोचताना त्याचा रंग बदलतो, आणि मग ‘काकू असं म्हणाल्या’ हे वाक्य मधे येतं. विचारायचं तर दोघांना एकदम विचारावं.

काकांनी एक मेसेज लिहूनही ठेवला होता. त्याची सुरुवात होती: ‘याद्वारे आपणास सूचित करण्यात येते की...’ आयुष्यभर ऑफिसात पत्रं लिहिल्याचा परिणाम. काकूंनी तो वाचला आणि विचारलं, ‘त्यांना घर सोडायला सांगताय का?’ तो मेसेज गेला नाही.

## बोलण्याआधी केलेली मोजणी

या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी अर्धा तास कुणाशीच न बोलता गेला. मी काकांना म्हटलं, तुम्ही ‘इथे लावू नका’ म्हणाल तर पुढचा प्रश्न ‘मग कुठे लावू’ हाच येणार. त्याचं उत्तर हातात असल्याशिवाय वर जाऊ नका. मग आम्ही टेप घेऊन बाहेर आलो.

घराचा दर्शनी भाग तीस फूट. त्यात गाडीचं गेट आणि त्यापुढचा रॅम्प दहा फूट, माणसांच्या येण्या-जाण्याचं छोटं गेट तीन फूट. उरली सतरा फूट सलग भिंत. स्विफ्टसारखी गाडी पावणेतेरा फुटांच्या आत असते. म्हणजे पाहुण्यांची एक गाडी काकांच्या स्वतःच्या भिंतीलगत, कुणाचंही गेट न अडवता, आरामात उभी राहू शकत होती.

मग ती तिथे का राहिली नाही? कारण त्या सतरा फुटांत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमधून उरलेल्या वाळूचा ढीग होता, फरशीचे तुकडे होते आणि काकूंच्या नऊ कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या. सगळं दीड वर्षापासून तिथेच. काकांच्या डोळ्यांना ते दिसेनासं झालं होतं. पाहुणा गाडी घेऊन येतो, भिंतीशी वाळू बघतो आणि चार हात पुढे जाऊन थांबतो. चार हात पुढे शेजाऱ्यांचं गेट.

दुसऱ्या-तिसऱ्या गाडीसाठी आम्ही कॉलनीच्या बागेपर्यंत चालत गेलो. बागेच्या मागच्या भिंतीलगतचा रस्ता चाळीस फुटांचा आहे, तिथे कुणाचं गेट नाही. घरापासून दोन मिनिटांच्या आत पोचता येतं. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या दुचाक्या पुढच्या फाटकापाशी असतात, मागे नाही. तिथेही गाडी लावायचा हक्क कुणाला देता येणार नाही, पण लावली तर कुणाची अडचण होणार नाही, एवढं नक्की.

काकांनी दुसऱ्या दिवशी मजूर बोलावून वाळू आणि फरश्या हलवल्या. सहा कुंड्या गच्चीवर गेल्या, तीन पोर्चच्या कोपऱ्यात. काकू दोन दिवस धुसफुसत होत्या.

## प्रत्यक्ष बोलणं

शनिवारी संध्याकाळी काकांनी दोघांना खाली चहाला बोलावलं. वर जाऊन बोलले असते तर ती तपासणी वाटली असती. जिन्यात गाठलं असतं तर घाईत विषय निघाला असता. पाहुणे असताना तर अजिबात नाही.

काकांनी सोमवारच्या पहाटेपासून सुरुवात केली नाही. त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे कुणी येणार असलं, तर गाडी कुठे लावायची म्हणून सांगता?’

भाडेकरू म्हणाले, ‘काका, खरं सांगू का, आम्ही काही सांगतच नाही. बाहेर भरपूर जागा आहे असं ब्रोकरने सांगितलं होतं. जो तो दिसेल तिथे लावतो.’

हे उत्तर महत्त्वाचं ठरलं. काकांच्या मनात होतं की यांना नियम माहीत आहे आणि हे पाळत नाहीत. प्रत्यक्षात नियम कुणी सांगितलेलाच नव्हता. शेजाऱ्यांच्या मुलाची पहाटेची पाळीही त्यांना ठाऊक नव्हती. त्या दिवशी तो फक्त गाडी बाहेर काढायची घाई करतोय, एवढंच त्यांना कळलं होतं.

मग त्यांनीही एक गोष्ट सांगितली, जरा संकोचून. रात्री काकांची वॅगनआर पोर्चमध्ये तिरपी लागते, त्यामुळे दुसरी दुचाकी आत बसत नाही. म्हणून मोटरसायकल बाहेर छोट्या गेटपाशी ठेवावी लागते. करारात दोन दुचाक्यांची मुभा होती, प्रत्यक्षात एकच आत जात होती. काकांनी लगेच मान्य केलं की रात्री त्यांना मागचं नीट दिसत नाही. पोर्चच्या फरशीवर पांढऱ्या पेंटची एक रेघ मारायची आणि उजवं चाक त्या रेघेवर ठेवायचं, असं ठरलं. ही रेघ वहिनींनी सुचवली.

त्यानंतर काकांनी मोजलेलं सगळं सांगितलं. पाहुण्यांची पहिली गाडी आपल्या सतरा फुटांत, छोट्या गेटपासून फूटभर सोडून. त्यापुढच्या बागेच्या मागे. समोरच्या बाजूला एकही नाही, म्हणजे कचरागाडी अडणार नाही. दुचाक्या भिंतीला तिरप्या लावायच्या. रात्री गाडी राहणार असेल तर झोपण्याआधी काकांना सांगायचं आणि काचेच्या आत मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवायची.

भाडेकरूंनी एकच प्रश्न विचारला: ‘आमच्या सासऱ्यांचे गुडघे दुखतात. ते आले तर?’ काका म्हणाले, ‘मग त्यांना दारात उतरवा, आणि पहिली जागा त्यांचीच.’ दोन्ही बाजूंनी हे बोलणं चहा संपायच्या आत आटोपलं.

रात्री काकांनी नवा मेसेज लिहिला. तो असा:

‘नमस्कार. आज बोललो ते आठवणीसाठी लिहून ठेवतो. पाहुण्यांची एक गाडी आपल्या भिंतीलगत, बाकीच्या बागेच्या मागच्या रस्त्याला. शेजाऱ्यांचं गेट आणि समोरची बाजू मोकळी राहू द्यावी, त्यांच्या मुलाला पहाटे निघावं लागतं. रात्री मुक्काम असेल तर कळवावं. पोर्चमधली गाडी मी रेघेवर लावेन, चुकलो तर हक्काने सांगा. गणपतीच्या तयारीत काही लागलं तर आम्ही आहोतच.’

यात मला आवडलेली बाब म्हणजे काकांनी स्वतःचं कामही त्याच मेसेजमध्ये लिहिलं. नुसती समोरच्याची कर्तव्यं लिहिली असती तर तो पुन्हा ऑफिसचा कागद झाला असता.

## काय झालं

भाडेकरूंनी गणपतीच्या आमंत्रणातच शेवटची ओळ टाकली, की गाडी बागेच्या मागच्या रस्त्याला लावावी, सोबत लोकेशनही. दहा दिवसांत बहुतेकांनी ते पाळलं. गौरीजेवणाच्या दिवशी एक गाडी पुन्हा शेजाऱ्यांच्या गेटपुढे लागली, पण काचेत नंबर होता. शेजाऱ्यांनी फोन केला, पाच मिनिटांत गाडी हलली. आरतीच्या वेळी दुचाक्या मात्र जास्त झाल्या आणि दोन संध्याकाळी छोट्या गेटमधून आडवं होऊन जावं लागलं. दुचाक्यांचा अंदाज कुणीच धरला नव्हता. आम्ही मोजताना फक्त चारचाकीच डोळ्यांपुढे होत्या.

कोपऱ्यावरच्या घरातून एक तक्रार आली, की बागेच्या मागे पावसात चिखल होतो आणि गाड्यांची चाकं तो गल्लीभर पसरवतात. ती रास्त होती. तिथे मुरूम टाकण्यासाठी संघातर्फे अर्ज दिला आहे.

करार नव्याने करताना तो मी लिहिला. वाहनांचं कलम असं ठेवलं: ‘भाडेकरूची दोन दुचाकी वाहने पोर्चमध्ये उभी राहतील व त्यासाठी लागणारी जागा घरमालक मोकळी ठेवतील. पाहुण्यांची वाहने आवारात उभी राहणार नाहीत. ती घरमालकाच्या, शेजाऱ्यांच्या वा समोरील घराच्या प्रवेशद्वारास अडथळा होणार नाही अशी लावण्यास भाडेकरू पाहुण्यांस सांगतील. मुक्कामी वाहनाची आगाऊ कल्पना घरमालकास देतील.’ भिंतीलगतच्या सतरा फुटांचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही. जी जागा काकांची नाही ती त्यांनी करारात देऊ केली, तर उद्या तिथे तिसऱ्याच कुणाची गाडी लागली की भाडेकरू म्हणेल, मला कबूल केलेली जागा द्या. त्या जागेचं मेसेजमध्ये राहिलेलंच बरं.

## वेगळं काय करता आलं असतं

घर दाखवतानाच भाडेकरूला बाहेर नेऊन गेट, भिंत, शेजाऱ्यांचं गेट दाखवायला हवं होतं. ब्रोकरचं ‘जगह ही जगह’ काकांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं. आता मी करार लिहायला बसलो की आधी घराबाहेर उभं राहून बघतो.

दुसरं, सोमवारी पहाटे वरच्यांचं दार वाजवलं तेव्हाच काकांनी शेजाऱ्यांच्या मुलाची पाळी सांगून टाकायला हरकत नव्हती, फक्त माहिती म्हणून. ते गप्प राहिले आणि आठवडाभर मनात राग साठवत बसले. बोलणं पुढे ढकलण्याला अर्थ होता, माहिती रोखून धरण्याला नव्हता.

तिसऱ्या गोष्टीवर काकांचं आणि माझं एकमत नाही. माझं म्हणणं, शनिवारच्या चहाला शेजाऱ्यांनाही बोलवावं. अडचण त्यांची होती आणि वेळाही त्यांच्याच. काकांना वाटलं, तिसरा माणूस समोर असला की भाडेकरूला पंचायत बसल्यासारखं वाटेल. नंतर काकांनी शेजाऱ्यांना जाऊन ठरलेलं सांगितलं, नंबरही दिले. हेही चाललं.

एक प्रश्न अजून बाकी आहे. भाडेकरू दिवाळीला स्वतःची कार घ्यायच्या विचारात आहेत. पोर्चमध्ये दुसरी कार बसत नाही, आणि भिंतीलगत रोज तीच उभी राहिली तर पाहुण्यांची पहिली जागा संपते. काकांनी त्यांना बुकिंगच्या आधीच सांगून ठेवलं आहे: गाडी जरूर घ्या, पण तिच्या जागेचा शब्द माझ्याकडून मिळणार नाही. भाडेकरू मागच्या गल्लीतल्या एका रिकाम्या प्लॉटच्या मालकाशी महिन्याच्या भाड्याचं बोलून बघताहेत.